घटक ४ : बोधात्मक उद्दिष्टांचे सुधारित वर्गीकरण आणि विज्ञानाच्या पाठघटकासाठी मापनीय उद्दिष्टांचे लेखन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

१. मूळ वर्गीकरण व सुधारित वर्गीकरण यांतील तीन फरक उदाहरणासह लिहिता येतील.
२. दिलेल्या उद्दिष्टातील क्रियापद व कर्म वेगळे करून ते उद्दिष्ट वर्गीकरण तक्त्याच्या योग्य चौकटीत ठेवता येईल.
३. मोघम उद्दिष्टाचे रूपांतर वर्तन, परिस्थिती व निकष असलेल्या मापनीय उद्दिष्टात करता येईल.
४. एखादी चाचणी तिच्या उद्दिष्टांशी जुळते की नाही, याचा निर्णय कारणासह देता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शैक्षणिक ध्येये आणि उद्दिष्टे यांतील फरक पाहिला. ध्येय दूरचे असते, तर उद्दिष्ट एका पाठघटकाच्या मुदतीत गाठावयाचे असते. या घटकात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत : उद्दिष्ट गाठले गेले, हे कशावरून ओळखायचे?

प्रश्न साधा वाटतो, परंतु आपल्याकडील अनेक पाठटाचणांत त्याचे उत्तर सापडत नाही. ‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची ओळख करून देणे’ हे उद्दिष्ट पाहा. तासिका संपली, शिक्षकांनी ओळख करून दिली. उद्दिष्ट साध्य झाले काय? शिक्षकांच्या बाजूने पाहिले तर झाले. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर काहीच सांगता येत नाही.

विवेचनासाठी आपण ‘बाष्पीभवन’ हा उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञानाचा पाठघटक घेतला आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला तो पुस्तकाबाहेरही भेटतो. मे महिन्यातील कोरडा उन्हाळा, ओसरीवरचा माठ, खिडकीतला कूलर, दुपारपूर्वीच कडक वाळणारे कपडे हे सर्व त्याच्या अनुभवातले आहे. ही ओळखीची सामग्री जशी सोयीची, तशीच फसवीही असते. ती कशी, हे पुढे येईल.

तुमचा मुख्य विषय मराठी आहे. या घटकात तुम्हांला त्याचा उपयोग होईल, कारण उद्दिष्ट हे अखेरीस एक वाक्य असते आणि त्यातील बहुतेक दोष वाक्यरचनेतच दिसून येतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नामाकडून क्रियापदाकडे

बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली बोधात्मक क्षेत्रातील उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पातळ्या होत्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्लूम भारतात येऊन गेले आणि येथील परीक्षा-सुधारणेच्या कामाला त्यांच्या विचारांची दिशा मिळाली. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांत ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ ही उद्दिष्टांची चौकडी आणि प्रत्येक उद्दिष्टाखाली ‘स्पष्टीकरणे’ लिहिण्याची पद्धत रूढ झाली, ती याच परंपरेतील होय. तुमच्यापैकी ज्यांनी पाठटाचण लिहिले असेल, त्यांना ती परिचित असेल.

२००१ मध्ये लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांनी या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती संपादित केली. अँडरसन हे ब्लूम यांचे विद्यार्थी, तर क्रॅथवोल मूळ ग्रंथाच्या लेखकांपैकी एक होते. त्यांनी केलेल्या बदलांपैकी तीन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल असा, की पातळ्यांची नावे नामांऐवजी क्रियादर्शक झाली. सुधारित पातळ्या पुढीलप्रमाणे आहेत : स्मरण करणे, आकलन करणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे आणि सर्जन करणे. दुसरा बदल असा, की जुन्या ‘संश्लेषणा’ची जागा ‘सर्जना’ने घेतली आणि ते मूल्यमापनाच्या पुढे, सर्वांत शेवटी गेले. तिसरा बदल सर्वांत मूलगामी आहे. जुन्या रचनेत ‘ज्ञान’ ही पहिली पायरी होती. सुधारित रचनेत ज्ञानाला पायऱ्यांतून बाहेर काढून त्याची स्वतंत्र मिती केली गेली.

४.२.२ ज्ञानाची स्वतंत्र मिती

असे का करावे लागले? ‘विद्यार्थी बाष्पीभवनाची व्याख्या आठवतो’ या वाक्यात दोन गोष्टी आहेत. ‘आठवतो’ ही मनाची क्रिया आहे आणि ‘बाष्पीभवनाची व्याख्या’ हा त्या क्रियेचा विषय आहे. जुन्या वर्गीकरणातील ‘ज्ञान’ या एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी मिसळल्या होत्या. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर क्रियापद आणि कर्म एकाच शब्दात कोंबले गेले होते. सुधारित वर्गीकरणाने त्यांना वेगळे केले.

कर्माच्या बाजूला ज्ञानाचे चार प्रकार मानले जातात. सुट्या नोंदी आणि संज्ञा यांचे ज्ञान ते तथ्यात्मक ज्ञान. ‘पाण्याची वाफ होऊन हवेत जाण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात’ हे त्याचे उदाहरण. अनेक तथ्यांना जोडणारे तत्त्व ते संकल्पनात्मक ज्ञान. बाष्पीभवनासाठी उष्णता लागते आणि ती द्रव आपल्या सभोवतालातून घेतो, हे तत्त्व या प्रकारात येते. एखादी गोष्ट कशी करावी याचे ज्ञान ते कार्यपद्धतीविषयक ज्ञान. दोन भांड्यांतील बाष्पीभवनाची तुलना करताना काय समान ठेवावे, हे त्यात येते. चौथा प्रकार अधिबोधात्मक ज्ञानाचा, म्हणजे स्वतःच्या विचारप्रक्रियेच्या जाणिवेचा आहे. प्रयोगापूर्वी अंदाज लिहून ठेवणारा आणि नंतर ‘माझा अंदाज कोठे चुकला?’ असे स्वतःला विचारणारा विद्यार्थी या प्रकारचे ज्ञान वापरत असतो.

सहा क्रिया आणि चार ज्ञानप्रकार यांचा तक्ता केला तर चोवीस चौकटी होतात. प्रत्येक उद्दिष्टाची जागा त्यांपैकी एका चौकटीत शोधता येते. मात्र प्रत्येक पाठघटकाने चोवीसही चौकटी भराव्यात, अशी अपेक्षा कोठेही नाही. सहा तासिकांच्या पाठघटकाला चार-पाच उद्दिष्टे पुरेशी होतात.

४.२.३ उद्दिष्टाचे वाक्य

आता उद्दिष्टाचे वाक्य व्याकरणदृष्ट्या तपासू. त्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

*कर्ता कोण?* ‘ओळख करून देणे’, ‘समजावून सांगणे’, ‘आवड निर्माण करणे’ या रचनांत कर्ता लिहिलेला नसतो, परंतु तो शिक्षक असतो. ही शिक्षकाच्या कामाची नोंद झाली. उद्दिष्टाचा कर्ता विद्यार्थी असला पाहिजे.

*क्रियापद दिसणारे आहे काय?* ‘विद्यार्थ्याला समजते’, ‘जाणीव होते’, ‘महत्त्व कळते’ या वाक्यांत कर्ता बदलला, पण क्रिया मनाच्या आत राहिली. ती बाहेर दिसावी यासाठी लिहितो, सांगतो, निवडतो, मोजतो, मांडणी करतो अशी क्रियापदे लागतात.

*क्रिया कोणत्या परिस्थितीत होईल?* पुस्तक बंद असताना की उघडे असताना, ओळखीच्या उदाहरणावर की नवीन उदाहरणावर, कोणती साधने देऊन, हे सांगावे लागते.

*किती झाले म्हणजे पुरे?* हा निकष होय. चारही बाबी हव्यात की तीन चालतील? कोणता मुद्दा अनिवार्य आहे?

वर्तन, परिस्थिती आणि निकष ही त्रयी रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ मध्ये मांडली. सुधारित वर्गीकरणाशी तिची सांगड घातली की उद्दिष्टाचे वाक्य पूर्ण होते. त्याची कसोटी अशी : दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता एकाच विद्यार्थ्याचे काम तपासले, तर ‘उद्दिष्ट साध्य झाले’ किंवा ‘झाले नाही’ याबाबत त्यांचे एकमत व्हावे. ते होत नसेल तर दोष बहुधा वाक्यात असतो.

४.२.४ नमुना : ‘बाष्पीभवन’ पाठघटकाची उद्दिष्टे

एका पाठटाचणात पुढील चार उद्दिष्टे आहेत असे समजू : (१) बाष्पीभवनाची ओळख करून देणे. (२) बाष्पीभवनावर परिणाम करणाऱ्या बाबी समजावून सांगणे. (३) दैनंदिन जीवनातील बाष्पीभवनाचे महत्त्व जाणून घेणे. (४) वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण करणे. आपण त्यांचे पुनर्लेखन करू.

उद्दिष्ट अ. पुस्तक बंद असताना विद्यार्थी बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणाऱ्या चारही बाबी, म्हणजे तापमान, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, वारा आणि हवेतील आर्द्रता, लिहितो.

हे स्मरणाचे उद्दिष्ट आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. या चार बाबी आठवल्याशिवाय पुढचे काम होणार नाही.

उद्दिष्ट आ. बाष्पीभवनामुळे गारवा निर्माण होण्याचा, वर्गात न चर्चिलेला एक प्रसंग दिला असता विद्यार्थी त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगतो. अपेक्षित मुद्दे तीन : पृष्ठभागावरून पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता वस्तूतून किंवा सभोवतालच्या हवेतून घेतली जाते, म्हणून ती वस्तू किंवा हवा थंड होते. तीनपैकी किमान दोन मुद्दे यावेत व उष्णतेचा मुद्दा अनिवार्य मानावा.

उष्णतेचा मुद्दा अनिवार्य का? ‘पाणी उडून जाते म्हणून माठ थंड होतो’ एवढे उत्तर अनेक विद्यार्थी देतात. त्यात घटना आहे, पण कारणाची साखळी मधेच तुटलेली आहे. संकल्पना नेमकी त्या तुटलेल्या कडीत आहे.

उद्दिष्ट इ. एक ताट, एक पेला, पाणी आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा दिला असता विद्यार्थी दोन्ही भांड्यांतील बाष्पीभवनाची दोन तास तुलना करतो. निरीक्षण यादीतील पाच कृतींपैकी किमान चार बिनचूक व्हाव्यात : समान वजनाचे पाणी घेणे, दोन्ही भांडी एकाच जागी ठेवणे, आरंभीचे वजन नोंदवणे, दर अर्ध्या तासाने वजन करणे, नोंदी तक्त्यात मांडणे. पहिल्या दोन कृती अनिवार्य आहेत.

येथे मोजपात्राऐवजी वजनकाटा का घेतला, हे लक्षात घ्या. २४ सेंटिमीटर व्यासाच्या ताटाचे क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर असते, तर ७ सेंटिमीटर व्यासाच्या पेल्याचे सुमारे ३८. म्हणजे ताटाचा पृष्ठभाग जवळजवळ बारापट आहे. दोन तासांत पेल्यातून अगदी थोडेच पाणी कमी होते. उलट ताटातले पाणी मोजपात्रात ओतताना त्यातील काही ताटालाच चिकटून राहते. त्यामुळे मोजण्यातली चूक आणि मोजायची घट यांत गफलत होऊ शकते. भांड्यासह वजन केले तर ओतण्याचा प्रश्नच येत नाही. परिस्थितीतील साधन चुकीचे निवडले, तर विद्यार्थ्याने सर्व कृती बरोबर करूनही निष्कर्ष डळमळतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

उद्दिष्ट ई. चार भांड्यांची मांडणी दिली असता, वाऱ्याचा परिणाम तपासण्यासाठी कोणत्या दोन भांड्यांची तुलना करावी हे विद्यार्थी निवडतो व निवडीचे कारण एका वाक्यात देतो.

दिलेली मांडणी अशी : पहिले भांडे ताट, सावलीत, वारा नाही. दुसरे ताट, उन्हात, वारा नाही. तिसरे ताट, सावलीत, पंख्याखाली. चौथे पेला, सावलीत, पंख्याखाली. योग्य जोडी पहिल्या आणि तिसऱ्या भांड्याची आहे, कारण त्यांत केवळ वारा बदलतो. येथे प्रस्तुत आणि अप्रस्तुत माहिती वेगळी करावी लागते, म्हणून हे विश्लेषण होय.

उद्दिष्ट उ. दिलेल्या प्रयोगवर्णनातील निष्कर्ष ग्राह्य आहे की नाही, याचा निर्णय विद्यार्थी देतो आणि प्रयोगात नकळत बदललेली दुसरी बाब दाखवतो.

वर्णन असे देता येईल : एकाने पाण्याचे ताट अंगणात उन्हात ठेवले व पेला खोलीत ठेवला. ताटातील पाणी लवकर आटले. त्यावरून त्याने ‘पृष्ठभाग मोठा असेल तर बाष्पीभवन वेगाने होते’ असा निष्कर्ष काढला. गंमत अशी, की निष्कर्ष विज्ञानदृष्ट्या खरा आहे. परंतु या प्रयोगातून तो निघत नाही, कारण तापमानही बदलले आहे. अनेकजण हे उद्दिष्ट विश्लेषणात टाकतात. सुधारित वर्गीकरणात मात्र निकष लावून निष्कर्षाची तपासणी करणे हे मूल्यमापन मानले जाते.

पाचही उद्दिष्टांची जागा पुढील तक्त्यात दाखविली आहे.

| उद्दिष्ट | बोधात्मक क्रिया | ज्ञानाचा प्रकार |
|---|---|---|
| अ | स्मरण | तथ्यात्मक |
| आ | आकलन | संकल्पनात्मक |
| इ | उपयोजन | कार्यपद्धतीविषयक |
| ई | विश्लेषण | कार्यपद्धतीविषयक |
| उ | मूल्यमापन | कार्यपद्धतीविषयक |

मूळ टाचणातील चौथे उद्दिष्ट, ‘वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण करणे’, आपण येथे घेतले नाही. ते दीर्घकालीन ध्येय आहे आणि त्याचा मोठा भाग भावात्मक क्षेत्रात मोडतो. उद्दिष्ट उ हे त्या दिशेचे एक छोटे पाऊल मात्र आहे. सर्जनाचे उद्दिष्टही वगळले आहे, कारण स्वतः प्रयोगाची आखणी करण्यास सहा तासिकांत पुरेसा वेळ मिळणार नाही.

४.२.५ क्रियापदाचा चकवा

‘स्पष्ट करा’ म्हटले की आकलन, ‘तुलना करा’ म्हटले की विश्लेषण, अशा क्रियापदांच्या याद्या अनेक मार्गदर्शिकांत असतात. त्या आरंभी उपयोगी पडतात, परंतु केवळ क्रियापदावरून पातळी ठरत नाही.

‘माठातील पाणी थंड का होते, ते स्पष्ट करा’ हा प्रश्न घ्या. शिक्षकांनी याचे उत्तर वर्गात लिहून दिले असेल आणि विद्यार्थ्याने ते पाठ केले असेल, तर तो स्पष्टीकरण देत नसून आठवत आहे. क्रियापद आकलनाचे, पण क्रिया स्मरणाची. पातळी प्रश्नात नसते. प्रश्न आणि आधीचे अध्यापन यांच्या नात्यात असते. म्हणूनच उद्दिष्ट आ मध्ये ‘वर्गात न चर्चिलेला प्रसंग’ ही अट घातली आहे.

खान्देशातील अनुभवविश्व फसवे ठरू शकते, असे आपण म्हटले ते याच कारणाने. माठ इतका परिचित आहे, की त्याचे उत्तर वर्गावर्गांत ठरून गेले आहे. मग वर्गात माठ शिकवावा आणि चाचणीत शेतावर नेलेला, ओले गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन द्यावा. याहून कठीण प्रश्न हवा असेल तर असे विचारावे : ‘मे महिन्यात कूलर चांगला गारवा देतो, जुलैमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर तितका गारवा देत नाही. असे का?’ येथे गारव्याचे कारण आणि आर्द्रतेची बाब ही दोन सूत्रे जोडावी लागतात : हवेत आर्द्रता वाढली की बाष्पीभवन मंदावते, त्यामुळे हवेतून उष्णताही कमी घेतली जाते. पुढील वर्षी हाच प्रश्न वर्गात सोडवून घेतला, तर तोही स्मरणाचा होईल. प्रश्नसंग्रह अधूनमधून बदलावा लागतो, तो याचसाठी.

४.२.६ निकष विज्ञानाचा की भाषेचा?

निकष लिहिताना एक धोका टाळावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या वर्गांत अहिराणी, लेवा बोली, तसेच सातपुड्याच्या बाजूस आदिवासी भाषा बोलणारी मुले असतात. समजा, उद्दिष्ट आ साठी एका मुलाने असे उत्तर दिले : ‘पानी उडी जास, मझारनी गरमी लई जास, म्हनीसन माठ थंड व्हस.’ दुसऱ्याने पाठ्यपुस्तकातील वाक्य जसेच्या तसे लिहिले, पण उष्णतेविषयीचा भाग गाळला.

निकष लिहिलेला नसेल तर दुसऱ्याला अधिक गुण मिळण्याची शक्यता मोठी, कारण त्याची भाषा पुस्तकाची आहे. निकष हाती असेल तर चित्र पालटते. पहिल्या उत्तरात बाष्पीभवन आहे, आतली उष्णता बाहेर जाण्याचा मुद्दा आहे आणि परिणामही आहे. तिन्ही मुद्दे आले. दुसऱ्यात अनिवार्य मुद्दाच नाही. उद्दिष्टात ‘शुद्ध भाषेत सांगतो’ असे लिहिले, तर आपण विज्ञानाच्या नावाखाली भाषेची परीक्षा घेत असतो आणि पहिला मुलगा त्याला येत असलेल्या गोष्टीत अनुत्तीर्ण ठरतो. प्रमाण भाषेतील लेखन शिकवायचे असेल तर त्याचे उद्दिष्ट भाषेच्या तासिकेत वेगळे लिहावे. ‘बाष्पीभवन’ ही संज्ञा येणे आवश्यक वाटत असेल, तर तेही स्मरणाचे वेगळे उद्दिष्ट करावे.

४.२.७ चाचणीची पडताळणी

उद्दिष्टे चांगली लिहिली, पण चाचणी जुन्याच वळणाची राहिली तर सर्व श्रम वाया जातात. पुढील २० गुणांची चाचणी पाहा : रिकाम्या जागा भरा (४), व्याख्या लिहा (२), बाष्पीभवनावर परिणाम करणाऱ्या बाबी लिहा (४), माठातील पाणी थंड का होते (४), ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात (३), प्रयोगाची कृती लिहा (३).

जुन्या पद्धतीने संविधान तक्ता भरला तर ज्ञानाला १०, आकलनाला ७ आणि कौशल्याला ३ गुण दिसतात. वाटप समतोल वाटते. आता सुधारित तक्त्यात हे प्रश्न ठेवा. माठ आणि कपडे यांची उत्तरे वहीत लिहून दिलेली असतील, तर ती संकल्पनात्मक ज्ञानाच्या स्मरणात जातात. प्रयोगाची कृती करून दाखवायची नसून पाठ केलेली लिहायची आहे, म्हणून तेही कार्यपद्धतीविषयक ज्ञानाचे स्मरणच. तीन ज्ञानप्रकार आले, पण वीसच्या वीस गुण स्मरणाच्या एकाच ओळीत पडले. जुन्या तक्त्यात हे दिसत नव्हते. ज्ञान आणि क्रिया वेगळे केल्यामुळे ते दिसू लागले.

आपल्या पाच उद्दिष्टांनुसार गुणवाटप असे करता येईल : अ साठी ४, आ साठी ६, इ साठी ४ (प्रयोग चालू असतानाच निरीक्षण यादीवरून), ई साठी ३ आणि उ साठी ३. येथे स्मरणाला ४ गुण आहेत, उरलेले १६ इतर चार क्रियांना.

४.२.८ मर्यादा

या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की सहा क्रिया म्हणजे एकापाठोपाठ चढायचा जिना नव्हे. सुधारित वर्गीकरणातही त्यांचा क्रम साधारण चढत्या गुंतागुंतीचा मानला आहे, काटेकोर नाही. व्याख्या अडखळत सांगणारा विद्यार्थी भांड्यांची जोडी अचूक निवडू शकतो. ‘आधी सर्व स्मरण पक्के होऊ द्या, मग विचार’ असा अर्थ या तक्त्यातून काढू नये.

दुसरी मर्यादा मापनाची आहे. जे सहज मोजता येते तेच लिहिण्याचा मोह होतो आणि मग सर्व उद्दिष्टे ‘लिहितो’, ‘सांगतो’ यांवर येऊन थांबतात. प्रयोग करताना एखाद्या मुलीने विचारले, ‘झाकण ठेवले तर किती फरक पडेल?’, तर तो प्रश्न कोणत्याही निकषात बसणार नाही. त्यासाठी टाचणात कोरी जागा ठेवावी, निकष ताणू नये.

४.३ सारांश

१९५६ च्या वर्गीकरणातील ‘ज्ञान’ या पातळीत क्रिया आणि तिचा विषय मिसळले होते. २००१ च्या सुधारणेने सहा क्रिया आणि चार ज्ञानप्रकार अशा दोन मिती केल्या. मापनीय उद्दिष्टाचा कर्ता विद्यार्थी असतो, त्याचे क्रियापद दिसणारे असते आणि त्यात परिस्थिती व निकष सांगितलेले असतात. उद्दिष्टाची पातळी केवळ क्रियापदावरून ठरत नाही. आधी काय शिकवले गेले यावर ती अवलंबून असते. निकष विषयाचा असावा, भाषेचा नसावा. चाचणीतील गुण तक्त्यात मांडून पाहिल्यावरच ती उद्दिष्टांशी जुळते की नाही ते कळते.

४.४ पारिभाषिक शब्द

*बोधात्मक क्षेत्र* : जाणणे, समजणे, विचार करणे या मानसिक क्रियांचे क्षेत्र.
*अधिबोधात्मक ज्ञान* : स्वतःच्या विचारप्रक्रियेविषयीचे ज्ञान.
*निकष* : उद्दिष्ट साध्य झाले असे मानण्यासाठी ठरविलेली किमान मर्यादा.
*संविधान तक्ता* : चाचणीतील गुणांची उद्दिष्टे व आशय यांनुसार केलेली मांडणी.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘विद्यार्थ्यांना आर्द्रतेचे महत्त्व पटवून देणे’ या वाक्यातील दोन दोष सांगा.
२. ४.२.४ मधील चार भांड्यांपैकी क्षेत्रफळाचा परिणाम तपासण्यासाठी कोणती जोडी निवडाल?
३. ‘कूलर जुलैत कमी गारवा का देतो’ हा प्रश्न स्मरणाचा केव्हा होईल?

*उत्तरे* : १. कर्ता शिक्षक आहे. ‘पटणे’ ही क्रिया बाहेर दिसणारी नाही. २. तिसरे व चौथे भांडे. ३. त्याचे उत्तर वर्गात आधी सांगितले गेले असेल तेव्हा.

४.६ स्वाध्याय व उपक्रम

१. सुधारित वर्गीकरणात ज्ञानाची स्वतंत्र मिती का केली, ते ‘बाष्पीभवन’ सोडून दुसऱ्या पाठघटकातील उदाहरणाने लिहा. (सुमारे २०० शब्द)
२. तुमच्या परिसरातील शाळेची विज्ञानाची एक घटक चाचणी मिळवा. त्या वर्गातील वह्या पाहून प्रत्येक प्रश्न वर्गीकरण तक्त्यात ठेवा आणि स्मरणाच्या ओळीतील गुणांची बेरीज करा. त्यांपैकी एका प्रश्नाचे आकलनाच्या प्रश्नात रूपांतर करून त्याचा निकष लिहा. तो निकष दुसऱ्या एका व्यक्तीला देऊन तीन उत्तरे तपासून घ्या, तीच उत्तरे स्वतः तपासा आणि दोघांचे मत कोठे जुळले नाही ते नोंदवा.